परदेशच्या गिऱ्हाइकासाठी काय लिहावे?

पाटोदा तालुक्यातली गोधडी दूर जाते हे काही नवे नाही. दिवाळी झाली की इथले कितीतरी लोक ऊसतोडीला कारखान्यावर जातात. त्यांच्याबरोबर भांडी जातात, कोयता जातो आणि गोधडीही जाते. कोणी तिला गोधडी म्हणते, कोणी वाकळ म्हणते. जुन्या साड्यांचे थर एकावर एक ठेवायचे, कडेकडेने धावदोरा घालत मधल्या चौकोनापर्यंत यायचे. ही कला मावशीने आईकडून घेतली, आईने तिच्या आईकडून.

आता तीच गोधडी मोबाईलवरच्या दुकानातून परदेशी विकता येते. एट्सी, ईबे अशी ही दुकाने आहेत. तिथे मालाचा फोटो टाकायचा आणि खाली त्याची माहिती लिहायची. तिला लिस्टिंग म्हणतात. आपण तिला मालाची पाटी म्हणू. बाजारात आपण पाटी घेऊन बसतो, तेव्हा गिऱ्हाईक माल हातात घेते, उलटून पाहते, दोन प्रश्न विचारते. परदेशच्या गिऱ्हाइकाला माल हातात घेता येत नाही. म्हणून त्याचे प्रश्न आपणच ओळखायचे आणि त्यांची उत्तरे पाटीवर आधीच लिहून ठेवायची. उत्तर चुकले तर माल परत येतो. सात समुद्रापलीकडून गोधडी परत आणायचे भाडे कधी कधी गोधडीच्या किमतीएवढे होते.

आमच्या वर्गाला येणाऱ्या एका मावशींच्या गोधड्या आम्ही अशा विकायला लावल्या. त्यात आम्ही चुका केल्या. त्या चुकांवरूनच हा धडा लिहिला आहे.

पहिली चूक मापाची होती. मावशींना विचारले, गोधडी केवढी? त्या म्हणाल्या, "साडेतीन हात रुंद, पाच हात लांब." पुस्तकात एक हात म्हणजे अठरा इंच. आम्ही हिशेब केला. पाच हात म्हणजे नव्वद इंच. पाटीवर नव्वद लिहिले. गोधडी लंडनला गेली आणि तिकडून निरोप आला की ती पाच इंच कमी भरते. आम्ही मावशींचा हात कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत मोजला. तो सतरा इंच भरला. पाच हातांत पाच इंच कमी! मावशी खोटे बोलल्या नव्हत्या. त्यांच्या हाताने ती पाच हातच होती.

तेव्हापासून आम्ही टेप लावूनच माप घेतो. तेही गोधडी शिवून झाल्यावर एकदा धुऊन, वाळवून घेतो. दोरा भरला की कापड आवळते. धुतल्यावर आणखी थोडे आवळते. शिवण्याआधीचे माप लिहिले तर ते हमखास चुकते.

माप दोन्ही रीतींनी लिहावे. अमेरिकेत इंच चालतात. युरोपात आणि ऑस्ट्रेलियात सेंटीमीटर चालतात. इंग्लंडात दोन्ही चालतात. एक इंच म्हणजे 2.54 सेंटीमीटर. आपली गोधडी 60 इंच रुंद असेल तर 60 ला 2.54 ने गुणावे. उत्तर 152 येते. लांबी 84 इंच असेल तर 213 सेंटीमीटर होतात. मोबाईलमध्ये गणिताची पाटी असतेच, तीवर करावे. पूर्ण आकडा लिहावा, पुढचे दशांश सोडून द्यावेत. हाताने शिवलेल्या गोधडीच्या चारही कडा काही सारख्या नसतात. म्हणून "एक इंच कमीजास्त असू शकते" असेही लिहावे.

आता एक फसवा शब्द सांगतो. परदेशी लोक पलंगाची मापे नावाने सांगतात. सिंगल, डबल, क्वीन, किंग. आम्हाला वाटले, किंग म्हणजे किंग. पण अमेरिकेचा किंग पलंग 76 इंच रुंद असतो आणि इंग्लंडचा किंग सुमारे 60 इंच. सोळा इंचांचा फरक! म्हणून नुसते नाव कधी लिहू नये. आकडा लिहावा आणि गोधडी पलंगावर कशी बसेल ते सांगावे. अमेरिकेत एका माणसाच्या पलंगाला ट्विन म्हणतात. त्याची गादी 38 इंच रुंद असते. आपली 60 इंचांची गोधडी त्यावर टाकली तर 22 इंच उरतात, म्हणजे दोन्ही बाजूंना अकरा अकरा इंच खाली लोंबते. हे छान दिसते. तीच गोधडी क्वीन पलंगावर टाकली तर गादीच 60 इंच रुंद. बाजूला काहीच लोंबत नाही. गिऱ्हाईक म्हणेल, आखूड आहे. "क्वीन पलंगावर फक्त वरचा भाग झाकेल" असे आधीच लिहिले तर ते तसे म्हणणार नाही. फार तर घेणार नाही. माल परत येण्यापेक्षा ते बरे.

मापाच्या शेजारी वजनही लिहावे. आमची पाच थरांची गोधडी अडीच किलो भरली. टपालाचे भाडे वजनावर असते, म्हणून वजन आपल्यालाही ठाऊक हवे. खाजगी कुरिअरवाले आणखी एक हिशेब करतात. पुडक्याची लांबी, रुंदी, उंची सेंटीमीटरमध्ये घेऊन तिन्हींचा गुणाकार करतात आणि 5000 ने भागतात. येणारा आकडा खऱ्या वजनापेक्षा मोठा असेल तर त्यावर भाडे लावतात. गोधडी फुगीर असते. सैल बांधली तर हवेचेच भाडे पडते. 50 लांब, 40 रुंद, 20 उंच असे पुडके झाले तर त्याचे वजन आठ किलो... नव्हे, गणित नीट करा: 50 गुणिले 40 म्हणजे 2000, गुणिले 20 म्हणजे 40,000, भागिले 5000 म्हणजे 8. होय, आठच किलो. खरे वजन अडीच आणि भाडे आठ किलोचे. घट्ट गुंडाळून, दाबून बांधून तेच पुडके 40, 30, 12 वर आणले तर तीन किलोच्या आत येते.

दुसरा प्रश्न दिवसांचा. गिऱ्हाईक विचारते, माल कधी मिळेल? इथे दोन वेगळे काळ आहेत आणि ते वेगळे लिहायचे असतात. एक, माल तयार करून टपालात देईपर्यंतचा काळ. दुसरा, टपालात दिल्यापासून गिऱ्हाइकाच्या दारी पोचेपर्यंतचा काळ. पहिला आपल्या हातात आहे. दुसरा नाही.

पुडके पाटोद्याच्या टपाल कार्यालयातून निघते ते मुंबईला विदेश टपाल कार्यालयात जाते. तिथे आपल्या देशाचे सीमाशुल्क खाते कागद पाहते. मग विमान. मग त्या देशाचे सीमाशुल्क खाते पुन्हा कागद पाहते. मग तिकडचा पोस्टमन. विमानाला एकच दिवस लागतो. वेळ जातो तो दोन्हीकडच्या तपासणीत आणि रांगेत. म्हणून आम्ही "टपालात दिल्यापासून दोन ते चार आठवडे" असे लिहितो. नाताळाच्या आधी रांग वाढते, तेव्हा आणखी एक आठवडा धरतो. पुडके दहा दिवसांत पोचले तर गिऱ्हाईक खूश होते. दहा दिवस लिहून वीस लागले तर तेच गिऱ्हाईक रागावते. पुडके तेच, टपाल तेच!

आमची दुसरी चूक मात्र पहिल्या काळात झाली, आपल्या हातातल्या. पाटीवर आम्ही लिहिले होते, "वीस दिवसांत तयार करून पाठवू." उन्हाळ्यात ते खरे होते. 2024 सालची दिवाळी झाली. मावशी आणि त्यांचे घरचे टोळीबरोबर कारखान्यावर गेले. पाटी तशीच राहिली. नोव्हेंबरच्या शेवटी इंग्लंडहून मागणी आली. नाताळाला मुलीला भेट द्यायची होती. पैसेही भरले होते. आम्ही मावशींना फोन लावला. त्या उसाच्या फडात होत्या. म्हणाल्या, "बाई, पहाटे चारला उठते मी. सुई कधी धरू?" खरेच होते. आम्ही गिऱ्हाइकाला त्याच दिवशी कळवले आणि पैसे परत केले. मावशींना त्या गोधडीचे पैसे मिळाले असते तर तेवढी उचल कमी फिटायची राहिली असती. ते तसेच राहिले.

आता आम्ही दोन गोष्टी करतो. मावशी पावसाळ्यात चार गोधड्या पुऱ्या करून ठेवतात. त्यांच्या पाटीवर "तयार आहे, तीन दिवसांत पाठवू" असे असते. शिवून द्यायच्या गोधडीची पाटी दसऱ्याला बंद करतो आणि लोक परत आल्यावर उघडतो. पाटी बंद ठेवता येते. त्यात कमीपणा नाही.

तारीख लिहितानाही जपावे. आपण 5/11 लिहिले की पाच नोव्हेंबर समजतो. अमेरिकेत महिना आधी लिहितात. ते 11 मे समजतात. महिन्याचे नाव अक्षरात लिहावे.

आता जकातीकडे येऊ. इथे सर्वांत जास्त घोटाळा होतो. मोठ्या माणसांना आठवत असेल, शहराच्या वेशीवर पूर्वी जकात नाका असे. माल आत न्यायचा तर पैसे भरावे लागत. प्रत्येक देशाच्या वेशीवर असाच नाका असतो. आपण माल पाठवला तर तिथे सीमाशुल्क आणि तिथला विक्रीकर द्यावा लागू शकतो. हे पैसे आपल्या सरकारला नव्हे, त्या देशाच्या सरकारला जातात. प्रश्न एवढाच की ते भरणार कोण? पाटीवर काही लिहिले नाही तर गिऱ्हाइकाला वाटते, आपण सगळे पैसे दिले. मग पोस्टमन दारात येऊन आणखी पैसे मागतो. गिऱ्हाईक म्हणते, नको मला. पुडके परत.

इंग्लंडचे उदाहरण घेऊ. तिथे 135 पौंडांपर्यंतच्या मालावर सीमाशुल्क नाही. पण व्हॅट नावाचा विक्रीकर आहे, शंभराला वीस. गोधडीची किंमत 90 पौंड असेल तर व्हॅट 18 पौंड आणि गिऱ्हाइकाला ती 108 ला पडते. माल मोठ्या मोबाईल दुकानातून विकला असेल तर हे 18 पौंड ते दुकानच गिऱ्हाइकाकडून घेते आणि इंग्लंडच्या सरकारला भरते. आपल्याला ते दुकान आपला व्हॅट क्रमांक देते. तो क्रमांक पुडक्याबरोबरच्या जकातीच्या कागदावर लिहायचा असतो. एका पुडक्यावर आम्ही तो लिहायला विसरलो. नाक्यावरच्या माणसाला कसे कळणार की कर भरला आहे? त्याने गिऱ्हाइकाकडून पुन्हा मागितला. ती बाई समजूतदार होती म्हणून तिने पावती दाखवून निस्तरले. क्रमांक लहान, पण विसरू नये. आणि दोन गोधड्या एका पुडक्यात घातल्या तर किंमत 180 पौंड होते. 135 ची रेघ ओलांडली. मग सीमाशुल्क आणि व्हॅट दोन्ही तिकडे नाक्यावर लागतात. हे पाटीवर लिहावे.

अमेरिकेचे नियम 2025 सालात बदलले. त्याआधी 800 डॉलरपर्यंतचा माल तिकडे बिनजकात जात असे. आम्ही पाटीवर "अमेरिकेला जकात नाही" असे लिहिले होते आणि ते खरे होते. 29 ऑगस्ट 2025 पासून ती सूट बंद झाली. जकात कोणी कशी गोळा करायची हे ठरले नव्हते, म्हणून आपल्या टपाल खात्याने 25 ऑगस्टपासून अमेरिकेची पुडकी घेणे थांबवले. नेमकी त्याच आठवड्यात न्यू जर्सीच्या एका मराठी बाईंची मागणी आलेली होती. 120 डॉलरची गोधडी शिवून तयार, आणि टपाल बंद.

त्या बाईंनी कळवले, "ताई, पुडक्यावर भेट म्हणून लिहा ना. शंभर डॉलरपर्यंतच्या भेटीला अजून सूट आहे म्हणे." सूट होती हे खरे. पण ती एका माणसाने दुसऱ्याला फुकट दिलेल्या भेटीला. आपण पैसे घेतले होते. शिवाय किंमतही 120 होती, शंभर लिहिली तर दुसरे खोटे. परदेशी माल विकायला आपण सरकारकडून आय.ई.सी. क्रमांक घेतलेला असतो. पाचशे रुपये भरून तो मिळतो. खोटा कागद पकडला गेला तर माल जातो आणि तो क्रमांकही अडचणीत येतो. आणखी एक गोष्ट. पुडके हरवले तर भरपाई कागदावरच्या किमतीवर मागायची असते. तिथे कमी लिहिले तर मागणार काय? आम्ही नाही म्हणून कळवले.

15 ऑक्टोबर 2025 ला टपाल खात्याने अमेरिकेची सेवा पुन्हा सुरू केली. नवी रीत अशी की जकात इथेच, पुडके देताना भरायची. तिकडे गिऱ्हाइकाला दारात काही मागत नाहीत. ही रीत चांगली आहे. पण त्या वेळी भारताच्या मालावर दर होता शंभराला पन्नास. 120 डॉलरच्या गोधडीवर 60 डॉलर! टपालखर्च वजा जाता मावशींच्या हाती जेवढे राहायचे, जवळजवळ तेवढीच जकात. आम्ही आपल्या पाटीवर "जकात नाही" लिहून बसलो होतो. गिऱ्हाईक अडून बसले असते तर मावशींनी पंधरा दिवस फुकट सुई चालवली असती.

आम्ही बाईंना सगळा हिशेब लिहून पाठवला. म्हटले, नको असेल तर पैसे परत करतो. त्यांनी दोन दिवसांनी लिहिले, "माझ्या आजीची गोधडी होती अशी. जकात मी भरते." पैसे आले. आम्ही ते टपालात भरले. गोधडी गेली.

सगळी गिऱ्हाइके अशी नसतात. म्हणून पाटीवरून "जकात नाही" ही ओळ आम्ही कायमची पुसली. तिच्या जागी लिहिले, "तुमच्या देशाचा कर किमतीत धरलेला आहे की नाही, ते मागणी देण्याआधी विचारा. आम्ही त्या दिवसाचा आकडा कळवू." अमेरिकेचा दर कायमचा समजू नये. पुडके देण्याच्या आधी टपालात विचारावा. परदेशी माल पाठवणाऱ्यांसाठी टपाल खात्याने डाकघर निर्यात केंद्रे काढली आहेत. तिथे जकातीचे कागद भरायला मदत करतात. जवळचे केंद्र कोणते, ते आपल्या टपाल कार्यालयात कळते.

मावशींचा भाचा पत्र्याचे काम करतो. पत्र्याला भोके पाडून तो दिवा करतो. आत बल्ब लावला की भिंतीवर ठिपक्यांची नक्षी पडते. तो म्हणाला, "माझा दिवा पण टाका की पाटीवर!" आम्ही टाकायला निघालो आणि पिनेपाशी अडलो.

आपली पिन तीन गोल दांड्यांची. इंग्लंडची तीन चपट्या, जाड दांड्यांची आणि तिच्या पोटात फ्यूज असतो. युरोपची दोन गोल दांड्यांची. अमेरिकेची दोन चपट्या पट्ट्यांची. भाचा म्हणाला, बाजारात अडॅप्टर मिळतो, तो देऊ बरोबर. पण अडॅप्टर फक्त पिनेचा आकार बदलतो. वीज बदलत नाही. आपल्याकडे घरात 230 व्होल्ट येतात. इंग्लंड आणि युरोपातही 230 च. अमेरिकेत 120. आपला 230 चा बल्ब तिथे मंद जळेल, नाही तर पेटणारच नाही. तो बदलायला गिऱ्हाईक तिकडचा बल्ब आणील, तर आणखी एक अडचण. आपला होल्डर खटक्याचा, बल्बला दोन खुंट्या. अमेरिकेचा बल्ब पेचाचा, फिरवून बसवायचा. आपल्या होल्डरात तो बसतच नाही.

शिवाय इंग्लंडात विकायच्या विजेच्या वस्तूला तिथल्या नियमाप्रमाणे तपासलेली पिन लागते, असा तिथला कायदाच आहे. पत्र्याच्या दिव्यात वायर सोलली गेली तर पत्र्यातच वीज उतरते. इथे घरच्या घरी जोडलेली वायर आम्ही परक्याच्या घरात पाठवणार नाही, असे आम्ही भाच्याला स्पष्ट सांगितले. तो जरा रुसला.

मग तोडगा निघाला. वायर, पिन, होल्डर, बल्ब काहीच पाठवायचे नाही. फक्त पत्र्याचे वरचे झाकण पाठवायचे. पाटीवर आता असे आहे: "हे दिव्याचे फक्त पत्र्याचे झाकण आहे. आत विजेचे काही नाही. उंची 10 इंच, 25 सेंटीमीटर. खालचे तोंड 6 इंच, 15 सेंटीमीटर. वरचे भोक 42 मिलिमीटर. आपल्या देशातला होल्डर आणि पिन आपण लावावी. बल्ब एल.ई.डी. वापरावा, पत्रा तापणार नाही."

वरचे भोक 42 मिलिमीटर का, हे भाच्याने दोनदा विचारले. युरोपात दिव्याचा होल्डर बहुतेक त्या भोकात बसतो. अमेरिकेच्या गिऱ्हाइकाने विचारले तर भोकाचे माप आधी मागवून घ्यायचे आणि मग पत्रा कापायचा. कापलेला पत्रा लहान करता येत नाही.